मदत हवी आहे: फ्लॅटच्या व्हिडिओखाली नेमकं काय लिहायचं?

पायवाट: यूट्यूबवर फ्लॅटची टूर टाकलीय. शीर्षकात '९५० स्क्वेअर फूट, प्राइम लोकेशन, बजेट किंमत' लिहिलंय. लोक बघायला येतात आणि 'एवढाच?' म्हणून परत जातात. वर्णनात काय बदलू? लवकर सांगा.

गवंडी_नाना: ९५० कसले? कार्पेट, बिल्टअप की सुपर बिल्टअप? फ्लॅट नवा की रीसेल?

पायवाट: रीसेल. बिल्डरच्या कागदावर ९५० आहे. कार्पेट ६४०, बाल्कनी वेगळी ५५.

गवंडी_नाना: मग घोळ तिथेच आहे. ६४० वर ९५० म्हणजे जवळपास ४८ टक्के लोडिंग. त्यात वाइड लेन्समुळे खोल्या आणखी मोठ्या दिसतात. शीर्षकात 'कार्पेट ६४० + बाल्कनी ५५' लिहा, ९५० हवंच तर खाली 'सुपर बिल्टअप' असं नाव देऊन. प्रत्येक खोलीची मापं टेपने घेऊन द्या. त्यांची बेरीज ६४० च्या वर गेली तर माप चुकलंय किंवा बाल्कनी आत धरलीय.

टॅगवाला: मापांनी काय होतंय? टॅगमध्ये आजूबाजूच्या सगळ्या भागांची नावं भरा, व्ह्यूज वाढतील.

चष्मेवाली: व्ह्यूज वाढतील की नाही ते सोडा, जिथे घर नाही त्या भागाचं नाव टाकणं ही दिशाभूल आहे. टॅगचा शोधात तसाही फारसा उपयोग होत नाही. 'प्राइम'ऐवजी असं लिहा: निवासी गल्ली, खाली दुकानं, मुख्य रस्ता किती मिनिटांवर चालत. आणि हे पहिल्या दोन ओळींत, बाकीचं 'आणखी'च्या मागे दडतं.

टॅगवाला: नावं शेजारच्या भागांची म्हणतोय, खोटी नाही.

रानफूल: व्हिडिओच्या फाइलमध्ये जीपीएसही असतं ना? मूळ फाइल कुणाला पाठवायच्या आधी ते काढा, घराचा नेमका ठिकाणा जातो त्यातून.

पायवाट: ते नाही विचारलं. किंमत कशी लिहू? 'कॉल करा' चालेल?

चष्मेवाली: त्याने बजेटबाहेरचेच फोन जास्त येतात. पट्टा द्या, पण अरुंद. खालचा आकडा खरोखर मान्य असेल तरच लिहा, लोक बोलणी तिथूनच सुरू करतात. पार्किंग, हस्तांतर शुल्क, नोंदणीखर्च धरून की सोडून, तेही लिहा. शेजारी तारीख टाका.

गवंडी_नाना: किंमत शीर्षकात नको आणि आवाजातही नको. वर्णन कधीही बदलता येतं, बोललेलं बदलायचं तर नवा व्हिडिओ.

चष्मेवाली: शीर्षकही बदलता येतं की! तिथे किंमत असली तर नको ते लोक आधीच गळतात.

गवंडी_नाना: आणि घराची अवस्था? ओल वगैरे?

पायवाट: बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला थोडी होती. रंग मारलाय.

गवंडी_नाना: गळती बंद केली का? नसेल तर रंग पुन्हा फुगणारच. सरळ लिहा: 'बेडरूमच्या बाथरूमकडील भिंतीला ओल, रंग नवा, वॉटरप्रूफिंग झालेलं नाही.' आणि त्या जागेची वेळ द्या:

```
0:00 हॉल
1:10 स्वयंपाकघर
2:05 बेडरूम, ओल असलेली भिंत
```

पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन नोंदी, प्रत्येक भाग दहा सेकंदांचा तरी. नाहीतर चॅप्टर पडत नाहीत.

पायवाट: ओल लिहिली तर कोण येईल?

चष्मेवाली: कमी येतील. पण ती भिंत व्हिडिओत आहे का मुळात?

पायवाट: नाही, कपाट होतं पुढे.