मीटर हिरवं, तरी संबळ फाटला: ट्रू पीक खरंच खूळ आहे का?

मूळ पोस्ट (बीडचा साउंडवाला): पीक मीटर लाल झालं नाही म्हणजे क्लिपिंग नाही. ट्रू पीक हे प्लगइन विकायचं खूळ आहे. मी सगळं -०.१ वर सोडतो.

नांदेडकर मिक्सर: राहवेना म्हणून लिहितोय. नवरात्रात परभणीकडचा एक गोंधळ मिक्स केला. लिमिटर -०.१, वेव्ह फाइल स्वच्छ. १२८ चा एमपी३ केला, तर संबळाच्या थापेथापेला चरचर. मोजलं:

```
ffmpeg -i gondhal.mp3 -af ebur128=peak=true -f null -
```

आकडा +१.३! एन्कोडर लाट जशीच्या तशी ठेवत नाही. फ्रिक्वेन्सीचे तुकडे पाडतो, कानाला न कळणारे ढोबळ करतो. लिमिटरनं सपाट केलेला माथा त्या सगळ्या तुकड्यांच्या बेरजेनंच सपाट असतो. त्यातले चार हलले की माथा वर निघतो.

लातूरचा होम स्टुडिओ: मग ट्रू पीक लिमिटर -०.१ वर लावायचा, विषय संपला.

नांदेडकर मिक्सर: अर्धाच संपला. माझ्या वेव्हचा ट्रू पीक +०.४ होता; दोन सँपलच्या मधली ही उंची साध्या मीटरला दिसत नाही. तेवढी तुझा लिमिटर आवरेल. वरचे ०.९ एन्कोडरचे, ते नंतर येतात. ट्रू पीक -१ वर ठेवून परत एमपी३ केला, तो -०.१ वर आला. काठावर वाचलो. त्याच गोंधळाचा ६४ केला तर पुन्हा शून्याच्या वर.

बीडचा साउंडवाला: एक डीबी सोडा म्हणे! जयंतीच्या मिरवणुकीत गिऱ्हाईक म्हणतं, पलीकडच्या गल्लीचं गाणं आपल्यापेक्षा जोरात वाजतंय. पैसे कोण कापून घेणार, तुम्ही?

लातूरचा होम स्टुडिओ: दादा, एक डीबीनं गल्ली हरत नसते. तुमचे टॉप फाटके असतील.

बीडचा साउंडवाला: टॉपवर जाऊ नको! मागच्या साली जनरेटरवर रात्रभर वाजवलेत.

जालन्याचा बँडवाला: जनरेटरवरून आठवलं, आमचा कीबोर्डही चरचरतो. ट्रू पीकच असेल का?

नांदेडकर मिक्सर: मालक, तुमची वायर बघा आधी.

अंबाजोगाईची सूरपेटी: जनरेटर राहू द्या. नांदेडकर दादा, तुमची फाइल फाटलेली नव्हतीच. एमपी३ मध्ये शून्याच्या वरचा माथा शाबूत असतो. प्लेअर १६ बिटमध्ये उलगडतो तेव्हा कापला जातो. फ्लोटमध्ये उलगडून आवाज खाली घेतला तर तो परत मिळतो. mp3gain नं एक पायरी, म्हणजे १.५ डीबी, उतरवली असती तरी भागलं असतं, पुन्हा एन्कोड न करता. +१.३ चं -०.२.

नांदेडकर मिक्सर: बरं ताई, फाइल नाही फाटली. गोंधळ्याच्या मोबाइलवर तर फाटला ना? तिथं फ्लोट कोण लावणार?

अंबाजोगाईची सूरपेटी: म्हणूनच -१ ला माझी ना नाही. स्पॉटिफायही -१ सांगतं, आणि -१४ लफ्सपेक्षा मोठं गाणं असेल तर -२. फक्त -१ म्हणजे हमी समजू नका. एमपी३ करून मोजा.

बीडचा साउंडवाला: मोजलं. परवाचं गाणं, +१.९. खूळ आमच्याच घरात निघालं, घ्या! पण मिरवणुकीत पेनड्राइव्हवर वेव्हच टाकणार.