लोकलची, बाजाराची धास्ती बसल्यावर परत कसं निघायचं? नेमकं काय करायचं ते लिहा

अबोली_ठाणे
आज दुपारी ठाण्याच्या फलाटावर एक मुलगी लोकल समोर येऊनही चढली नाही. दाराकडे बघितलं, मागे सरकली, पुढची गाडी आली तीही सोडली. हातात पाण्याची बाटली, झाकण उघडंच. आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय, म्हणून बघवेना आणि हा धागा काढला.

एक विनंती. "धीर धरा, काही होत नाही" हे नको, ते सगळ्यांनी ऐकलंय. गाडीत एकदा छातीत धडधड, हाताला मुंग्या, आता गेलोच असं झालं. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं ठीक आलं. तरी पाय उचलत नाही. तिथून पुढचं लिहा. किती मिनिटं, कुठला डबा, कुठे फसतं.

मुलुंडचा_मामा
सोप्पंय. दुपारची ठाणे-मुलुंड स्लो. तीन-चार मिनिटांचा प्रश्न. जमलं की नाहूर, मग भांडुप, असं एकेक स्टेशन वाढवायचं. दारात उभं राहायचं, वारा लागतो. गुदमरलं की खोल खोल श्वास, नाहीतर कागदी पिशवीत श्वास घ्यायचा.

रेवा_समुपदेशक
मामा, दुपारची गाडी आणि एकेक पायरी हे बरोबर. बाकीच्यात गोची आहे, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं म्हणून सविस्तर लिहिते.

असा झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला जातो आणि मग आपणहून उतरायला लागतो. ठाणे-मुलुंड चार मिनिटांचं. म्हणजे भीती चढत असतानाच माणूस खाली उतरतो, फलाटावर पाय टेकताच हायसं वाटतं. मेंदू काय शिकतो? "उतरले म्हणून वाचले." असं दहा वेळा केलंत तर दहा वेळा तोच धडा पक्का होतो. मग लोक म्हणतात, महिनाभर रोज जातेय, तरी नाहूरच्या पुढे सरकत नाही. सरकणार कशी? भीती स्वतःहून ओसरते हे तिने गाडीत बसून कधी बघितलेलंच नाही.

म्हणून स्टेशनं मोजू नका, मिनिटं मोजा. ठाण्याहून स्लोने थेट घाटकोपर, वीसेक मिनिटं. पहिल्याच दिवशी ते झेपणार नसेल तर त्याच्या आधी फलाट. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं, दोन तास चालतं. अर्धा तास पुलाखाली जिथे जास्त माणसं उतरतात तिथे उभं राहायचं, गाड्या येऊ द्यायच्या, जाऊ द्यायच्या. फोन पर्समध्ये.

चौथी_सीट
फोन पर्समध्ये?? अर्धा तास?? ही शिक्षा आहे 😄

अबोली_ठाणे
रेवाताई, वहीचं पण सांगा ना. आमच्याकडे वहीने फरक पडला होता.

रेवा_समुपदेशक
हो, स्वयंपाक लावून आले. निघण्याआधी एका ओळीत लिहायचं: नेमकं काय होईल असं वाटतंय. "भीती वाटेल" असं मोघम चालत नाही. "विक्रोळीच्या आत चक्कर येऊन पडेन, खात्री शंभरात ऐंशी" असं. भीती किती ते दहापैकी. घरी आल्यावर त्याच्याच खाली: पडले का? तर नाही. पाय लटपटले, भांडुपला भीती 8, कांजूरला 8, घाटकोपरला 5. भीती शून्यावर यायची वाट बघू नका. पडण्याची खात्री ऐंशीवरून साठवर आली की त्या दिवसाचं काम झालं. तीच गाडी आठवड्यात चार-पाच वेळा. रविवारी एकदाच जाणाऱ्याला दर रविवारी नव्याने सुरुवात करावी लागते.

आणि चक्कर येऊन पडण्याचं म्हणाल तर भीतीत रक्तदाब वाढलेला असतो, बेशुद्ध पडायला तो घसरावा लागतो. म्हणून भोवळ वाटते पण माणूस सहसा कोसळत नाही. रक्त बघून पडणाऱ्यांचं वेगळं.

मुलुंडचा_मामा
आणि पिशवी? आमच्या वेळी डॉक्टरच सांगायचे.

रेवा_समुपदेशक
सांगायचे, आता सांगत नाहीत. दमा असेल, हृदयाचं काही असेल तर पिशवी धोक्याची. खोल श्वासही उलटा पडतो. घाबरल्यावर आधीच श्वास जास्त चाललेला असतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या आणि हलकं डोकं त्याचंच. त्यात आणखी खोल घेतला तर मुंग्या वाढतात आणि माणूस म्हणतो, बघा, श्वास घेऊनही कमी होत नाही. घ्यायचा तर नाकाने साधा, सोडायचा मात्र सावकाश.

निनाद_लंडन
इकडे ट्यूबमध्ये माझं हेच व्हायचं. बोगद्यात गाडी थांबली की संपलं. माझ्या थेरपिस्टने श्वासाचे व्यायामसुद्धा बंद करायला लावले. म्हणाली, तीही तुझी कुबडीच झालीये, श्वास मोजला म्हणून वाचलो असं तू धरून चालतोस. मला पटलं नव्हतं, अजूनही अर्धवटच पटतंय.

रेवा_समुपदेशक
निनाद, यावर आमच्यातही दोन मतं आहेत. सुरुवातीला श्वास, नंतर तो सोडायचा, असं मी करते. काहीजण पहिल्या दिवसापासून नको म्हणतात.

पमा_डोंबिवली
बोगद्यावरून आठवलं, डोंबिवली फास्ट पारसिकच्या बोगद्यातून जाते ती शेवटची पायरी ठेवा. सव्वा किलोमीटर अंधार. ते जमलं की सगळं जमलं.

चौथी_सीट
पमाताई, किती दिवसांत गेला नाहीत लोकलने? 2022 ला ठाणे-दिवा नवीन मार्गिका झाल्यापासून फास्ट लोकल मुंब्र्याकडून जातात. बोगदा आता मेल-एक्स्प्रेसला.

पमा_डोंबिवली
अगोबाई. गुडघ्यांमुळे तीन-चार वर्षं गेलेच नाहीये 😅 मुलगा गाडीने सोडतो.

चौथी_सीट
बंदिस्तपणाची पायरी हवी असेल तर एसी लोकल. दार आपोआप बंद होतं, दारात उभं राहायची सोयच नाही. दारावर ज्याची भिस्त आहे त्याच्यासाठी हीच परीक्षा. साध्या डब्यात सराव करायचा तर आतल्या बाजूला, खिडकीजवळच्या सीटवर बसायचं, म्हणजे उठून यायला चार जणांना "जरा सरका" म्हणावं लागतं. आणि कृपया सकाळी साडेआठची बदलापूर कुणी सरावाला घेऊ नका. तिथे आम्हीसुद्धा घाबरतो.

संदीप_पनवेल
गर्दीत सापडलात तर दोन्ही हात छातीपुढे कोपरात वाकवून ठेवायचे, श्वासाला जागा राहते. पडलेली वस्तू उचलायला वाकायचं नाही. लोंढ्याच्या उलट जायचं नाही, तिरकं कडेला सरकायचं. 2017 ला एल्फिन्स्टनच्या पुलावर काय झालं ते विसरू नका.

रेवा_समुपदेशक
संदीप, माहिती खरी आहे, पण इथे प्रश्न वेगळा आहे. चेंगराचेंगरीची भीती म्हणजे बाहेरच्या धोक्याची भीती, ती बाळगलेली बरी. या धाग्यातल्या माणसाला गर्दीची भीती नसून स्वतःच्या छातीतल्या धडधडीची आहे, आणि गर्दीत निसटता येणार नाही याची. म्हणून रिकाम्या मेट्रोतही तिला तेच होतं. ओळखायचं कसं? विचारा: "गाडी रिकामी असेल आणि मध्येच सिग्नलला थांबली तर?" तिथे चेहरा उतरला तर ही दुसरी भीती.

तिला घरीच तोंड देता येतं. जागच्या जागी मिनिटभर पळायचं, धडधड येते. फिरत्या खुर्चीवर मिनिटभर गरगर, भोवळ येते. नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास, गुदमरल्यासारखं होतं. यातलं जे गाडीतल्यासारखं वाटेल ते रोज पाच-सहा वेळा. दमा, हृदयविकार, फिट्स, गरोदरपण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

कोथरूडची_आत्या
आमच्या सुनेला मनोविकारतज्ज्ञांनी गोळी दिली होती, चार दिवसांत जास्तच घाबरायला लागली म्हणून आम्ही बंद केली. चूक केली का?

रेवा_समुपदेशक
आत्या, रोज घ्यायच्या गोळीला गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला अस्वस्थता वाढू शकते. बरेच जण तिथेच सोडतात. डॉक्टरांना फोन करून सांगा, ते मात्रा कमी करून परत सुरू करू शकतात. दुसरी ती पर्समधली, अल्प्राझोलामसारखी लगेच शांत करणारी. ती घेऊन सराव केला तर श्रेय गोळीला जातं. न घेता नुसती जवळ असली तरी तेच. पण रोज घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, त्याने त्रास होतो. टेली मानस 14416, मराठीत बोलतात, फुकट आहे.

कोथरूडची_आत्या
बरं झालं विचारलं. आज रात्रीच बोलते तिच्याशी.

अबोली_ठाणे
बाजाराचं कुणीच लिहिलं नाही. ते मी लिहिते. जांभळी नाका, आधी मंगळवारी दुपारी तीन, मग संध्याकाळी सहा, शेवटी रविवारी सकाळी. बाजारात पळून जाणं फार सोपं असतं, ही खरी अडचण. गाडीत निदान दार बंद असतं किंवा गाडी चालू असते. इथे वळलं की रिक्षा. म्हणून काम असं निवडायचं की ज्यात थांबावं लागतं. तीन गाड्यांवर भाव विचारायचा, मग पहिल्याकडे परत जायचं. पाचशेची नोट देऊन सुट्टे मिळेपर्यंत उभं राहायचं.

आणि कुबड्या एकेक काढायच्या. आमच्या यादीत होतं: बाटली, आवळा सुपारी, गॉगल, भावाला चालू फोन, दुकानाच्या पायरीला चिकटून चालणं. सगळ्या एकदम काढल्या तेव्हा माणूस घराबाहेरच पडेना. फोन सगळ्यात शेवटी गेला.

पळून आलं तर काय? त्याच दिवशी परत. बाहेर चहाच्या टपरीवर दहा मिनिटं, मग निदान अर्धवट राहिलेली भाजी घेण्यापुरतं आत. घरी जाऊन "उद्या बघू" म्हटलं की दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट.

पमा_डोंबिवली
पाचशेची नोट दिली तर जांभळी नाक्याचा भाजीवाला भीती घालवेल नाही तर शिव्या घालेल 😂

चौथी_सीट
कोथिंबीर काय भाव चाललीये तिकडे?

अबोली_ठाणे
परवा चाळीसला जुडी, तीही ओली. विचारू नकोस.

निनाद_लंडन
मध्ये खंड पडला तर? मी दोन महिने भारतात होतो, परत आलो तर पहिल्या पायरीवर.

रेवा_समुपदेशक
पहिल्या नाही, तसं वाटतं फक्त. जिथे सोडलं त्याच्या एक पायरी खालून सुरू कर आणि वेगळ्या लाइनने, वेगळ्या वेळी जा. एकाच डब्यात, एकाच सीटवर केलेला सराव त्या सीटपुरताच राहतो.

मुलुंडचा_मामा
रेवाताई, आमची धाकटी बहीण मुलुंडच्या पुढे जात नाही चार महिने. मीच एकेक स्टेशन सांगितलं होतं तिला. उद्या घाटकोपरला नेऊ का? मी सोबत गेलो तर चालेल ना?

रेवा_समुपदेशक
मामा, तिला आधी विचारा, न्यायचं नाही, ती निघाली पाहिजे. दोन वेळा शेजारी बसा, तिसऱ्यांदा पुढच्या डब्यात, चौथ्यांदा घाटकोपरच्या फलाटावर थांबा. आणि मुलुंड आलं की "उतरायचं का?" असं विचारू नका.

मुलुंडचा_मामा
तेच विचारतो मी दरवेळी.