मदत हवी आहे: भातुकलीचा बंब फोटोत खऱ्या बंबाएवढा दिसतोय

नमस्कार मंडळी. तुळशीबागेजवळ आमचं पितळी भातुकलीचं छोटं दुकान आहे, आता ऑनलाइन ऑर्डरही घेतो. बंब जेमतेम ६ सेंटीमीटर उंच, पण नळ, झाकण, कड्या सगळं हुबेहूब. त्यामुळे नुसत्या फोटोत आकार कळतच नाही. खाली उंची लिहिली तरी लोक फोटोच बघतात.

शेजारी १० रुपयांचं नाणं ठेवतो, कारण ते २७ मिलिमीटरचंच असतं. एक रुपयाची नाणी वेगवेगळ्या आकारांत आली आहेत. नाणं बंबाच्या पुढे सरकलं तर मोठं दिसतं आणि बंब उगाच बारका वाटतो. म्हणून दोन्ही एका रेषेत ठेवून, मोबाईल दोन हात लांब धरून २x झूमवर फोटो काढतो. हे जमलंय.

अडतंय ते हातापाशी. तळहातावरचा बंब पाहिला की आकार चटकन कळतो, पण पितळेत बोटांचं प्रतिबिंब पडून नळाजवळची नक्षी झाकली जाते. खिडकीला पांढरा पडदा लावूनही फरक नाही. हात कुठल्या बाजूने, किती खाली धरावा? की हात सोडून काडेपेटीच ठेवावी? चकचकीत वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांनी कृपया सांगा.