नऊ जण, तीन पर्याय आणि चार मतांनी झालेला निर्णय

अधांतर
आमच्या टीममध्ये नऊ जण आहेत. रात्री सिस्टीम बंद पडली तर फोन कोणी उचलायचा, याची पाळी लावायची होती. पर्याय तीन. 'सलग' म्हणजे एकानेच आठवडाभर, 'रोजबदल' म्हणजे दर रात्री वेगळा माणूस, 'जोडी' म्हणजे दोघांनी मिळून आठवडा सांभाळायचा. हात वर करून मतं घेतली: सलग ४, रोजबदल ३, जोडी २. सलग लागू झालं आणि तेव्हापासून कुरकुर थांबत नाही. दोघं तर पाळी आली की काहीतरी कारण काढून ती दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. मतदान करायलाच नको होतं का? एकमत होईपर्यंत बसायला हवं होतं, की टीम लीडने सगळ्यांचं ऐकून स्वतःच ठरवायला हवं होतं?

खडूस_काका
मतदान झालं, निकाल लागला, विषय संपला. हरलेल्यांना रुसून बसायची मुभा दिली तर उद्या कुठलाच निर्णय टिकणार नाही. आणि एकमताच्या बैठका मी पुष्कळ पाहिल्यात. ज्याला घरी जायची घाई नसते तो जिंकतो.

रेघोटी
काका, शेवटचं वाक्य लाख बोललात. पण नऊपैकी पाच जणांनी सलगला मत दिलेलंच नाही. ते बहुमत कसं? तीन तुकड्यांतला तो सर्वांत मोठा तुकडा, एवढंच. अधांतर, प्रत्येकाची दुसरी आणि तिसरी पसंती काय होती ते विचारून सांगाल? त्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

अधांतर
विचारलं. सलगवाल्या चौघांना दुसरी पसंती जोडी, सगळ्यात नको ते रोजबदल. रोजबदलवाल्या तिघांना दुसरी जोडी, सगळ्यात नको ते सलग. जोडीवाल्या दोघांना दुसरं रोजबदल चालेल, सलग अजिबात नको.

रेघोटी
वाटलंच होतं. आता हीच नऊ माणसं, हीच मतं घेऊन तीन वेगळ्या रीतींनी मोजू.

एकच मत, जास्त मतं ज्याला तो जिंकला: सलग, ४ मतांनी. हे तुम्ही केलंत.

पहिल्या दोघांत पुन्हा मतदान: जोडी बाद होते, तिची दोन मतं रोजबदलकडे जातात. रोजबदल ५, सलग ४. म्हणजे रोजबदल जिंकतं.

प्रत्येक पर्यायाची दुसऱ्याशी समोरासमोर लढत: जोडी विरुद्ध सलग ५–४, जोडी विरुद्ध रोजबदल ६–३. जोडी दोन्ही लढती जिंकते. तेच जोडी, जे तुमच्याकडे शेवटच्या नंबरावर आलं.

एकाही माणसाचं मत बदललं नाही, तरी तीन रीतींनी तीन विजेते. शिवाय सलग हा पर्याय पाच जणांच्या यादीत तळाला आहे. कुरकुर तिथून येतेय. समोरासमोर लढवायची ही पद्धत कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ साली मांडली होती. तेव्हा तुमचा प्रश्न 'मतदान की एकमत' हा नंतरचा. पर्याय दोनाहून जास्त असताना एकेकच मत घेतलंत, तिथे घोळ झाला. दोनच पर्याय असते तर हात वर करून काम भागलं असतं.

द्विधा
पण ॲरो नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५१ मध्येच सिद्ध केलंय ना, की कोणतीही मतदान पद्धत न्याय्य असू शकत नाही? मग पसंतीक्रम घ्या नाहीतर नाणं उडवा, सारखंच की.

रेघोटी
अर्धंच खरं. तीन किंवा जास्त पर्याय असतील आणि क्रम लावून मतं घेतली, तर काही साध्या वाजवी अटी एकाच वेळी आणि दर वेळी पाळणारी पद्धत नाही, असं त्याने दाखवलं. 'दर वेळी' हा शब्द महत्त्वाचा. कधीकधी खरंच गोल गोल फिरतं: अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, क ने अ ला. इथे तसं नाहीये. इथे जोडी स्वच्छ जिंकतेय. पद्धती सारख्याच वाईट असं ॲरो म्हणत नाही.

पाऊलवाट
मतमोजणीत अडकू नका हो. रात्रीची झोप मोडणार आहे ती प्रत्येकाची स्वतःची. अशा ठिकाणी 'तुम्हाला काय आवडतं' असं विचारण्याऐवजी 'यातलं काय तुम्हाला चालणारच नाही, आणि का' हे विचारावं. दोन प्रश्नांची उत्तरं फार वेगळी येतात. आवडीवर नऊ जणांचं जमणं अवघड, पण चालवून घेण्यावर बऱ्याचदा जमतं. आणि 'चालणार नाही' म्हणणाऱ्याने कारण द्यायचं. 'मला पटत नाही' हे कारण नव्हे. 'माझ्याकडे लहान बाळ आहे, सलग सात रात्री मी सकाळी काम करण्याच्या अवस्थेत नसेन' हे कारण आहे आणि त्यावर उपाय काढता येतो.

इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणारा आयईटीएफ हा गट वर्षानुवर्षं असंच काम करतो. तिथे मतं मोजत नाहीत. कल किती आहे हे पाहायला बैठकीत लोकांना चक्क गुणगुणायला सांगतात, म्हणजे आवाजावरून अंदाज येतो आणि मोजदाद होत नाही. २०१४ च्या त्यांच्या आरएफसी ७२८२ या दस्तऐवजात तर लिहिलंय की पाच जण बाजूने आणि शंभर विरोधात असले तरी ढोबळ सहमती झालेली असू शकते. कारण विरोधाची डोकी मोजायची नसतात. विरोधातला मुद्दा खरा आहे का आणि त्याचं निरसन झालं का, एवढं बघायचं असतं.

खडूस_काका
म्हणजे शंभर जण नाही म्हणतायत आणि तुम्ही म्हणणार 'निरसन झालं'? निरसन झालं हे ठरवणार कोण? जो खुर्चीत बसलाय तोच ना? मग सरळ त्याचा हुकूम म्हणा. गुणगुणण्याचं नाटक कशाला?

आणि एकाला अडवायचा हक्क दिला की काय होतं ते पोलंडला विचारा. तिथल्या संसदेत एका सभासदाने 'मला मान्य नाही' म्हटलं की अख्खं अधिवेशन मोडायचं, आधी मंजूर झालेलं सगळं रद्द. १६५२ मध्ये पहिल्यांदा तसं झालं. नंतर एकेका सभासदाला हाताशी धरून कामकाज ठप्प करायची रीतच पडली. १७९१ च्या राज्यघटनेने ते बंद केलं, तोवर राज्य खिळखिळं झालेलं होतं.

पाऊलवाट
'कोण ठरवणार' हा आक्षेप रास्त आहे. आयईटीएफमध्ये ते गटाचे अध्यक्ष ठरवतात आणि त्यांच्या निर्णयावर वर दाद मागता येते. तशी सोय नसेल तर ही पद्धत वापरू नये, हे मान्य. पण पोलंडचं उदाहरण लागू नाही. तिथे कारण द्यावंच लागत नव्हतं. शिवाय क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या सभेत एक मधली वाट असते: मला पटलेलं नाही, पण मी आडवा येत नाही, असं सांगून बाजूला होता येतं. हो आणि नाही यांच्यामधली ही जागा नसेल तर लोक एकतर गप्प बसतात, नाहीतर नकाराधिकार वापरतात.

हिशेबनीस
मीही एका दुसऱ्या टीमचा लीड आहे, माझं ऐका. मागे मी सीटिंगच्या बदलाबद्दल सगळ्यांशी एकेकट्याने बोललो, सगळं लिहून घेतलं, मग जे योग्य वाटलं ते केलं. त्यावर लोक म्हणाले, 'करायचं होतं ते केलंच, मग विचारलं कशाला?' तेव्हापासून मी विचारणंच सोडलं. लीडने ठरवावं, बाकीच्यांनी पाळावं.

रेघोटी
हिशेबनीस, विचारण्याआधी 'निर्णय मी घेणार आहे, तुमच्याकडून मला अमुक माहिती हवी आहे' असं सांगितलं होतंत का?

हिशेबनीस
त्यात सांगायचं काय? लीड मीच आहे ना.

रेघोटी
तिथेच गाडी घसरली असणार. लोकांना वाटलं मत मागताय, तुम्ही माहिती मागत होतात. सल्ला घेऊन एकाने ठरवणं ही उत्तम पद्धत आहे, पण तिच्या दोन्ही टोकांना बोलावं लागतं. आधी सांगायचं की शेवटचा शब्द माझा. नंतर सांगायचं की कोणाची कुठली सूचना घेतली, कुठली नाही घेतली आणि का. हे दुसरं टोक बहुतेक जण गाळतात. तेवढं एका पानाचं उत्तर दिलं असतं तर निम्मी चिडचिड झाली नसती.

आणि कधी एकट्याने ठरवावं यावर व्रूम आणि येटन या नेतृत्वाच्या अभ्यासकांनी १९७३ मध्ये प्रश्नांची एक मालिकाच दिली होती. त्यातले मला कामाचे वाटतात ते असे. चांगला निर्णय घ्यायला लागणारी माहिती माझ्याकडे आहे का? लोकांनी मनापासून पाळल्याशिवाय हा निर्णय चालेल का? मी एकट्याने ठरवलं तर ते पाळतील का? अधांतरच्या बाबतीत दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आहे. रात्री तीनला फोन न उचलणं फार सोपं असतं. तिसऱ्याचं उत्तर त्यांच्या लीडच्या वजनावर आहे, ते आपल्याला माहीत नाही. तुमच्या सीटिंगचं मात्र लीडने ठरवलं तरी चालावं.

शांत_कोपरा
एक सुटतंय. मतं हात वर करून घेतली आणि लीड खोलीत होते, असं दिसतंय. अधांतर, सगळ्यात आधी हात कोणी वर केला?

अधांतर
लीडनेच. सलगला.

शांत_कोपरा
मग ते ४ तरी खरे ४ आहेत का, कोण जाणे. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचे १९५० च्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. रेघेची लांबी समोर स्पष्ट दिसत असतानाही, बाकीच्यांनी एकमुखाने चूक उत्तर दिलं की बरेच जण तेच सांगत. पण खोलीत एकानेही वेगळं उत्तर दिलं की हा परिणाम खूपच कमी व्हायचा. म्हणून आधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं, मग वाचायचं, आणि लीडने सर्वांत शेवटी बोलायचं. पद्धत कोणतीही असो.

अधांतर
लीडशी बोलले. पसंतीक्रम चिठ्ठीवर, नावाशिवाय, पुन्हा घ्यायला ते तयार आहेत. जो पर्याय समोरासमोर जिंकेल त्यावर मग पाऊलवाट म्हणतात तसं 'कोणाला चालणारच नाही' हे विचारू. नऊ जणांत जोडी लावली तर दर वेळी एक उरतो, त्याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

पाऊलवाट
उरलेल्याने त्या फेरीत सुट्टी घ्यावी, पुढच्या फेरीत दुसरा उरेल. पण हे मीच का ठरवू? याच एका मुद्द्यावर त्यांना विचारा.

खडूस_काका
पुन्हा मतदान म्हणजे पायंडा पडला. पुढच्या महिन्यात सलगवाले चौघे हेच मागतील, तेव्हा काय सांगणार?

रेघोटी
हा प्रश्न मात्र रास्त आहे. मी असं करेन: किती काळ चालवायचं ते आताच ठरवायचं, आणि त्याआधी विषय उघडायचा तर नवी माहिती आणायची, उदाहरणार्थ रात्रीच्या फोनची नोंद. 'मला आवडत नाही' यावर उघडायचा नाही.

खडूस_काका
नवी माहिती कशाला म्हणायचं, यावर आता मत घ्या.