फ्लायव्हीलचा 'सुरक्षित वेग' की 'सुरक्षित गती'?

शेवंती: मेकॅनिकल पदविकेच्या मुलांसाठी प्रयोगपुस्तिका मराठीत करतेय. मॉडेल साधं आहे: माइल्ड स्टीलची चकती, व्यास ३०० मिमी, जाडी २५ मिमी, वजन साधारण १४ किलो, मोटरने ३००० फेऱ्यांपर्यंत नेतात. मी 'सुरक्षित वेग' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'गती' केलं. आता एका गटाने उत्तर ४७ लिहिलंय, दुसऱ्याने ३०००. नेमकं काय लिहू?

उंबरठा: आधी 'फ्लायव्हील' काढा. 'प्रचक्र' हा सुंदर शब्द असताना उसनवारी कशाला?

नाना_कागल: आमच्या कडबाकुट्टीला असलंच चाक आहे. त्याला कुणी प्रचक्र म्हटलं तर म्हैस वैरण सोडंल.

लेथवाला: शेवंतीताई, दोन्ही गट बरोबर आहेत. ३००० हे मिनिटाचे फेरे. ४७ मीटर दर सेकंदाला हा कडेचा वेग. चाकातला ताण ठरतो तो कडेच्या वेगाच्या वर्गावर, नुसत्या फेऱ्यांवर नाही. स्वित्झर्लंडमध्ये इव्हेर्दोंला १९५३ पासून ओर्लिकोन कंपनीच्या गायरोबस, म्हणजे फ्लायव्हीलमधल्या ऊर्जेवर चालणाऱ्या बस, धावायच्या. त्यांचं चाकही ३००० फेऱ्यांचंच, पण व्यास १.६ मीटर. म्हणजे कड २५० मीटर दर सेकंदाला पळते. फेरे तुमच्याइतकेच, ताण मात्र जवळपास २८ पट. म्हणून 'फेरे' आणि 'कडेचा वेग' असे दोन वेगळे शब्द लिहा. 'गती' दोन्हीकडे चालते, तोच घोळ आहे.

उंबरठा: 'परिघवेग' म्हणा की. फेऱ्या की फेरे हेही एकदा ठरवा.

बाळ_अभियंता: एवढं घाबरायचं काय त्यात? भरीव चकतीत सर्वांत जास्त ताण मध्यभागी, सुमारे 0.41ρv². इथे तो ७ मेगापास्कल येतो. माइल्ड स्टील २५० ला नमतं. म्हणजे साडेसतरा हजार फेऱ्यांपर्यंत रान मोकळं. आणि ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाने वाढते, मग ३००० वरच का थांबायचं?

लेथवाला: सूत्र बरोबर, चकती चुकीची. ही भरीव नाही, मधोमध शाफ्टसाठी बोअर आहे. भोक कितीही लहान असो, त्याच्या काठावरचा ताण भरीव चकतीच्या मध्यापेक्षा दुप्पट होतो. ७ चे १४ झाले. त्यात चावीसाठी खाच पाडली की तिच्या कोपऱ्यात आणखी दोन-तीन पट धरा. भोकाकाठचा हिशेबी ताण ६० वर रोखला, तर सुमारे ६१०० फेरे निघतात.

बाळ_अभियंता: म्हणजे ६१०० तरी लिहा!

लेथवाला: नको. चकती टिकेल, बाकीचं टिकणार नाही. वजनाचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून फक्त ०.१ मिमी सरकलेला असेल, तर ३००० ला बेअरिंगवर १४ किलोच्या वजनाइतका जोर फिरत राहतो, ६००० ला ५६. टेबलाचे बोल्ट ढिले होऊ लागले, बेअरिंग हाताला गरम लागलं, की समजावं तोल बिघडलाय. बॅलन्सिंग करून न घेतलेल्या मॉडेलला ३००० च पुष्कळ. आणि वर जाड पत्र्याचं कवच हवंच. जाळी नको.

शेवंती: ऊर्जेचं कोष्टकही तपासाल का? ½Iω² ने ३००० ला ७.७ किलोज्यूल आले. मुलांना वाटलं होतं, यावर रात्रभर दिवा चालेल.

लेथवाला: बरोबर आहे. जेमतेम २.१ वॉट-तास. ९ वॉटचा बल्ब कागदावर १४ मिनिटं चालेल, जनित्राचा तोटा धरला की त्याहून कमी. पण एक ओळ जरूर घाला: फेरे ३००० वरून १५०० वर आले की पाऊण ऊर्जा निघालेली असते. त्याखाली जनित्राचा व्होल्टेजही पडतो, म्हणून 'वापरता येणारी ऊर्जा' ५.८ च लिहा.

उंबरठा: 'साठवलेली' आणि 'साठलेली' यात फरक आहे. मोटरने भरली म्हणजे 'साठवलेली'. आणि फ्लाय म्हणजे उडणं, तेव्हा 'उडतं चाक' का नको?

बाळ_अभियंता: ते उडू नये म्हणूनच मर्यादा लिहितोय ना, काका.

नाना_कागल: माझं चाक बिडाचं हाय, तीन फूट. आत्ता ३०० फेऱ्या. मोठी पुली टाकून ६०० करावं म्हणतोय. स्टील ६००० ला टिकतं तर हे टिकंल की.

लेथवाला: नाना, थांबा. बिडाला जुना कारखानदारी नियम कडेला ३० मीटर दर सेकंदाचा. बीड ताणात कच्चं, ओतताना आत पोकळ्या राहतात, आणि आऱ्यांच्या मधली कड वाकायला बघते. तुमचं आत्ता १४ च्या आसपास आहे. दुप्पट केलंत तर २८-२९, ताण चौपट. वर त्या चाकावरच पाती बोल्टनं बसवलेली.

नाना_कागल: ३० च्या आतच हाय की मग. एका आऱ्याला तडा गेलता, तो वेल्डिंग करून घेतलाय.

लेथवाला: मग तो हिशेब तुम्हाला लागूच होत नाही. पुली राहू द्या, आधी चाक बदला.

उंबरठा: 'आरा' की 'अर'?