पाणघोड्याचा लाल द्रव: उन्हासाठी की जखमांसाठी?

मंदार: पाणघोड्याच्या कातडीतून लालसर द्रव पाझरतो आणि तो उन्हापासून वाचवतो, असं सगळीकडे वाचतो. मग तो दिवसभर पाण्यात का बसतो? मला तरी ही उन्हाची गोष्ट फुगवलेली वाटते.

केतकी: फुगवलेली नाही. 2004 साली जपानी संशोधकांनी टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्याच्या अंगावरून हा द्रव पुसून घेतला आणि तपासला. त्यात एक लाल आणि एक नारिंगी रंगद्रव्य निघालं. दोन्ही अतिनील किरण शोषतात. द्रव बाहेर येतो तेव्हा बिनरंगी असतो, काही मिनिटांत लाल होतो आणि काही तासांनी तपकिरी.

नाना: अहो, घाम आहे तो. अंग थंड ठेवायला येतो. आमची म्हैससुद्धा दुपारी डबक्यात जाऊन बसते, त्यात एवढं काय?

केतकी: नाना, पाण्यात बसून अंग थंड राहतं, हे बरोबर. पण हा घाम नव्हे. तो कातडीखालच्या वेगळ्या ग्रंथींतून येतो आणि चिकट असतो. मंदार, खरी मेख कातडीतच आहे. ती जाड असली तरी तिचा वरचा थर फार पातळ, त्यामुळे अंगातलं पाणी माणसापेक्षा कितीतरी वेगाने उडतं. लाल द्रव किरण अडवेल, पण ती गळती काही थांबवत नाही. पाण्याबाहेर फार वेळ राहिलं की कातडी कोरडी पडून भेगाळते.

मंदार: म्हणजे माझंच म्हणणं आलं की! तो चरायला रात्री बाहेर पडतो, जवळजवळ चाळीस किलो गवत खातो आणि पहाटे परत पाण्यात. ऊन लागतंच कुठे? हा द्रव जखमांसाठीच असणार.

केतकी: पाठ आणि कान पाण्यावरच असतात ना! गार दिवसांत ते काठावर ऊन खात पडलेलेही दिसतात. मात्र जखमांचा मुद्दा मला पटतो. नर एकमेकांना सुळ्यांनी फाडतात आणि डबक्यात शेणाचा चिखल झालेला असतो. त्याच तपासणीत लाल रंगद्रव्याने काही जिवाणूंची वाढ रोखली होती. मूळ उपयोग कोणता आणि जोडीचा कोणता, हे कुणी सिद्ध केलेलं नाही.

सुजाता: टांझानियात ग्रेट रुआहा नदी कोरड्या ऋतूत आटते तेव्हा उरलेल्या डबक्यांत पाणघोड्यांची खेचाखेची होते. द्रव पुरेसा असता तर त्यांनी झाडाची सावली गाठली असती. ते चिखलच का धरतात?

मंदार: सुजाताताई, तो पुरावा पाण्याचा झाला, उन्हाच्या बाजूचा नाही.

ओंकार: तो द्रव बाटलीत भरून सनस्क्रीन म्हणून विकता येईल का?

केतकी: वेगळं काढलेलं लाल रंगद्रव्य टिकत नाही, लवकर तपकिरी चिकटा होतो. संशोधकांनाही तीच अडचण आली होती.