शब्दचर्चा: ‘इन्फर्मेशन गेन’मधला ‘गेन’ नेमका कशाचा?

धंतोलीकर
डिसिजन ट्री, म्हणजे प्रश्नागणिक फाटे फोडत निकालापर्यंत नेणारं झाड, शिकवताना येणारा ‘इन्फर्मेशन गेन’ मराठीत समजावायचा तर ‘माहितीलाभ’ म्हणावं की ‘माहितीप्राप्ती’? पोरं सूत्र पाठ करून राहिली आहेत, पण लाभ कशाचा झाला विचारलं की गप्प. सरावाला दिलेला तक्ता असा: जूनमधले 8 दिवस, ‘कूलर लावला का’ हा निकाल. 5 हो, 3 नाही. आकाशाप्रमाणे ऊन 3 दिवस (2 हो, 1 नाही), ढगाळ 2 दिवस (दोन्ही हो), पाऊस 3 दिवस (1 हो, 2 नाही).

सर्किटवाला
गेन म्हणजे आउटपुट भागिले इनपुट. अँप्लिफायरला आयुष्यभर हाच अर्थ लावला. म्हणजे इथेही नंतरची एन्ट्रॉपी भागिले आधीची, नाही का?

खडूफळा
नाही, इथे भागाकार नाही, वजाबाकी आहे. फाटा फोडण्याआधी निकालाबद्दल जेवढा गोंधळ, म्हणजेच एन्ट्रॉपी, होता त्यातून फोडल्यावर उरलेला गोंधळ वजा करायचा. म्हणून मला ‘लाभ’पेक्षा ‘घट’ जवळचा वाटतो: अनिश्चितता घटली, तेवढी माहिती हाती आली.

वरच्या तक्त्यावर बघा. 5/8 चा लॉग कॅल्क्युलेटरवर −0.2041 येतो. हा दहाच्या पायाचा, म्हणून 2 च्या लॉगने, म्हणजे 0.3010 ने भागायचं. 3/8 चंही तसंच. मग:

```
5/8 × 0.6781 = 0.4238
3/8 × 1.4150 = 0.5306
आधीची एन्ट्रॉपी = 0.9544
```

आता आकाशाने फोडा. ढगाळ दिवस सगळे हो, तिथे 0. लॉगच्या वाटेला जायचंच नाही. ऊन आणि पाऊस दोन्हींकडे 2 विरुद्ध 1, म्हणून दोन्हींची 0.9183. एकदाच काढा, दोनदा लिहा. उरलेली एन्ट्रॉपी 3/8 × 0.9183 + 2/8 × 0 + 3/8 × 0.9183 = 0.6887. घट 0.2657.

इतवारी_एक्सप्रेस
माझं 0.342 येऊन राहिलं. तिन्ही एन्ट्रॉपींची सरासरी 0.612, ती 0.954 मधून वजा. पद्धत तर हीच ना?

खडूफळा
अर्धी बरोबर. वजाबाकी ठीक, पण सरासरी साधी घेतलीत. ढगाळ दोनच दिवस आहेत, त्यांना तीन दिवसांच्या पावसाएवढं वजन दिलं की त्यांचा शून्य आकडा सरासरी जास्त खाली ओढतो आणि घट फुगते. हवी ती भारित सरासरी, म्हणजे प्रत्येक फाट्यात किती दिवस पडले त्या प्रमाणात. खरं तर चर्चा ‘लाभ’वर करण्यापेक्षा ‘भारित’ या शब्दावर करायला हवी, मार्क तिथेच जातात.

महालची_खिडकी
दुसरी ठेच पायाची. आधीची एन्ट्रॉपी घाईत दहाच्या पायाने काढली तर 0.287 येते. त्यातून 0.689 वजा केले की उत्तर ऋण. बरोबर काढलेली घट ऋण होतच नाही, फार तर शून्य. तेव्हा उणे चिन्ह दिसलं की पुढे जाऊ नका, लॉग तपासा. निम्मे हो, निम्मे नाही असताना 1 यायला हवा, 0.301 आला तर 2 ने पाया बदलायचा राहिला.

इतवारी_एक्सप्रेस
सगळीकडेच दहाचा पाया धरला तर?

महालची_खिडकी
कोणता स्तंभ आधी घ्यायचा तो क्रम बदलत नाही, सगळेच आकडे एकाच पटीत लहान होतात. पण उत्तर बिटमध्ये मागितलं असेल तर आकडा चुकलाच.

धंतोलीकर
वारा स्तंभही आहे. जोराचा 4 दिवस: 2-2. मंद 4 दिवस: 3 हो, 1 नाही.

खडूफळा
1 आणि 0.8113, दोघांची वजनं सारखी, म्हणून 0.9056. घट 0.0488. मुळाशी आकाश येणार. तीन दशांशांपर्यंत आधीच जवळचे आकडे घेतले तर 0.424 + 0.531 = 0.955 होतं आणि शेवटचा आकडा सरकतो. म्हणून चार ठेवा, तीनवर शेवटीच आणा.

सर्किटवाला
मग तारखेचा स्तंभ घेतला तर? प्रत्येक दिवस वेगळा, गोंधळ शून्य!

खडूफळा
घट पूर्ण 0.9544. गणित चूक नाही, पण उद्याच्या तारखेबद्दल त्या झाडाला काहीच सांगता येत नाही. ‘गेन रेशो’ यासाठीच: घटीला फाट्यांच्या स्वतःच्या एन्ट्रॉपीने भागायचं. तारखेला 8 फाटे, म्हणून 3 ने, 0.318. गंमत अशी की आकाशाला 1.561 ने भागून 0.170 च येतं, म्हणजे इतक्या लहान तक्त्यात तारीख तरीही जिंकते. तो स्तंभ हातानेच वगळायचा.

सर्किटवाला
म्हणजे शेवटी भागाकार आलाच की.

धंतोलीकर
‘माहितीघट’ लिहिलं तर पोरं म्हणतील माहिती कमी झाली. ‘अनिश्चितता-घट’ चालेल, पण पेपरात लिहायला लांब पडतं. अजून कोणाला आखूड शब्द सुचतो?